निळ्या बियाण्याची रास

कोल्हापुरात तेव्हा दोन माणसांना सगळ्या गावाच्या भानगडी ठाऊक असत. एक न्हावी, आणि दुसरा कचेरीच्या आवारात टाइपरायटर घेऊन बसणारा मीरासाब. न्हाव्याला निदान हात चालवताना तोंड आवरावं लागे, मीरासाबला तेही बंधन नव्हतं. त्याची बोटं टाइपरायटरवर आणि जीभ गिऱ्हाइकाच्या संसारावर, दोन्ही एकाच वेगानं चालत. कुणाची बायको माहेरी का गेली, कुणाच्या विहिरीत भाऊबंदानं दगड टाकला, कुठल्या कारकुनाच्या डोक्यावर कलप आहे, सगळं त्याच्याकडे अर्जाच्या रूपानं येई आणि गप्पांच्या रूपानं बाहेर पडे.

महाराजांच्या राज्याला वीसेक वर्षं होत आली होती. त्या उन्हाळ्यात मीरासाबच्या खोक्यासमोर कृष्णात तोडकर येऊन बसला. बसला कसला, खांद्यावरचं ओझं टाकावं तसा स्वतःला टाकला त्यानं. मलकापूरकडचा शेतकऱ्याचा पोरगा. इथल्या बोर्डिंगात राहून शिकला, पुण्याच्या शेतकी कॉलेजातून बी. एजी. झाला. पदवी घेऊन आला तेव्हा वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, अख्ख्या भावकीला जेवण घातलं होतं. जेवताना एकानं विचारलं होतं, "शेती करायला पुण्याला जाऊन शिकाय लागतंय व्हय?" पंगत हसली होती. कृष्णातही हसला होता. त्यानंतर पाच वर्षं झाली. आता तो प्रश्न कुणी विचारला असता तर त्याला हसू आलं नसतं, झोप आली असती.

कारण पाचही वर्षं हंगामी. पावसाळ्यात बियाणं वाटायला ठेवायचे, सुगीला वजनं करायला, गुऱ्हाळं सुरू झाली की चरक दाखवायला, आणि उन्हाळा आला की "कळवू" म्हणून घरी. चार महिने साहेब, दोन महिने कुणीच नाही. सासुरवाडीचे लोक शालूबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, विचारत, "दाजी सध्या साहेब हायती, का घरी हायती?"

आता दरबारच्या शेतीकडे कायमची एक जागा निघाली होती. त्यासाठी अर्ज मागवले होते. शिक्षण काय, पिकांचे कोणते प्रयोग केले, उत्पन्न किती आलं, शिवारावर देखरेख कुठं केली, कोणती अवजारं चालवता येतात, शेतकऱ्यांना सल्ला कुठं दिला, हे सगळं वेगवेगळं मांडायचं. आणि ज्या शेतकऱ्याच्या रानात प्रयोग केला त्याचा दाखला जोडायचा.

"सांगा बी. एजी. साहेब," मीरासाब कागद चढवत म्हणाला. "काय काय केलंसा ह्या जन्मात?"

कृष्णातनं घरून लिहून आणलेला कागद पुढे केला. मीरासाबनं तो वाचला आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय ओ? 'लोखंडी नांगर चालवता येतो.' गाडीवानबी चालवतोय की. असं लिवा: लोखंडी नांगराचा प्रसार केला."

"चार जणांनी घेतला, मीरासाब."

"मग प्रसारच झाला. हे काय, 'तीन लाटांचा चरक जोडला व चालवला.' मोडलेला दुरुस्त केला का न्हाई?"

"केला. लाटेत उसाचं कांडं आडवं अडकलंतं. दोन दिवस गेले."

"यंत्रांच्या दुरुस्तीचा दांडगा अनुभव," मीरासाबनं टाइप करतच म्हटलं. "सल्ला किती गावांत दिला?"

"अकरा."

"शेकडो रयतेस."

"एका गावात तर सातच जण आलते. त्यातला एक झोपलाता."

"झोपलेल्यालाबी सल्ला लागू होतोय." मीरासाब थांबला. त्याचं बोट कागदावरच्या एका ओळीवर गेलं आणि आवाज बदलला. "हे मात्र खरंच चांगलं हाय. तीस टक्के?"

तीच कृष्णातची ओळ. बाकीचा अर्ज कुणाही हंगामी पदवीधराचा असता, ह्या ओळीनं तो त्याचा होता. आळत्याच्या बाजूला ज्ञानू चौगुल्याच्या रानात त्यानं ज्वारीचा प्रयोग केला होता. ज्वारीच्या कणसात काणी पडते, म्हणजे दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते. पेरणीआधी बियाणं मोरचुदाच्या निळ्या, विषारी पाण्यात बुडवून सावलीत वाळवलं की काणी येत नाही. त्यानं वीस गुंठ्यांत मोरचूद लावलेलं बियाणं पेरलं, आणि शेजारीच, त्याच मातीत, त्याच दिवशी, वीस गुंठ्यांत साधं. काणी पडलेली कणसं मोजली, रास झाल्यावर वजन केलं. मोरचुदाची चारशे चौऱ्याण्णव पौंड, साधी तीनशे ऐंशी. तीस टक्के जादा.

"ह्या एका ओळीवर खुर्ची मिळतीया बघा," मीरासाब म्हणाला. "पण दाखला?"

"उद्या जाऊन आणतो."

"आणा. आणि येताना तोंडावर जरा हसू घेऊन या. मुलाखतीला असं तोंड नेलंसा तर साहेब म्हणंल, हेच्या रानात पीक यील कसं?"

दुसऱ्या दिवशी कृष्णात मिरजेच्या गाडीनं हातकणंगल्यापर्यंत गेला आणि तिथून उन्हात चालत सुटला. वाटेवरच्या बांधाबांधाला त्याची ओळख होती. इथं पट्टीत पेरा म्हणून सांगितलं होतं, तिथं शेणखताचा खड्डा झाका म्हणून सांगितलं होतं. खड्डा उघडाच होता. त्याला रागही आला नाही. राग यायलासुद्धा अंगात थोडं तेल लागतं.

ज्ञानू ओसरीवर दोर वळत बसला होता. साहेब आलेले बघून तो उठला, घोंगडं झटकलं, आत ओरडला, "आगं, बियाचं सायेब आल्यात! भाकरी टाक!"

दाखल्याचं म्हटल्यावर ज्ञानूनं अंगठा आधीच पुढे केला.

"वाचून तर दावतो."

"वाचून काय करायचं? कुटं उठवायचा तेवढं सांगा. किती टक्के म्हंतासा? तीस? शंबर लिवा की! तुमास्नी जागा मिळाली म्हंजे झालं."

कृष्णात हसला, बऱ्याच दिवसांनी, आणि तीसच्याच दाखल्यावर अंगठा उठवून घेतला. तेवढ्यात ज्ञानूची बायको तानाबाई ताटली घेऊन आली. भाकरी, झुणका, कांदा. बाई तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ. गावात सगळे तिला वचकून असत, ज्ञानू सगळ्यांत जास्त.

पहिला घास मोडताना कृष्णात सहज म्हणाला, "ही आपल्या मोरचुदाच्या जोंधळ्याची का, आक्का?"

तानाबाईनं हातातला पाण्याचा तांब्या खाली आदळला.

"त्या निळ्या बियाची? आवो, इख हाय न्हवं ते! तुमीच म्हनलासा, मोरचुदाच्या पान्यात हात घालून तसंच जेवू नगासा, आन् उरलेलं बी कोंबडीलाबी घालू नगासा म्हून. मग त्याचं पीक पोरांच्या ताटात घालू व्हय मी?"

"आवो, ते बियाला लावलेलं. पिकात कुठलं येतंय ते?"

"ते तुमी तवा सांगितलं न्हाईसा."

कृष्णातनं आठवून बघितलं. पेरणीआधीच्या बैठकीत तो पाऊण तास बोलला होता. काणी कशी पसरते, भुकटी बियाला कशी चिकटते, पाणी किती, मोरचूद किती. पुढे येणारं पीक खायला चालतं, हे सांगायचं असतं हेच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. पुस्तकात ते नव्हतं, कारण पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी तानाबाई नव्हती.

"मग त्या राशीचं काय केलंसा?"

ज्ञानू दोराकडे बघू लागला. तानाबाईनं मात्र सरळ सांगितलं, "इकली की. वडगावच्या बाजारात."

"इख म्हणून घरात न्हाई खाल्ली, आणि बाजारात इकली?"

"बाजारात काय, कोन कुटला खानारा," तानाबाई म्हणाली. "आन् कुनी मेल्याचं आयकू आलं न्हाई बगा."

कृष्णातला हसावं का कपाळाला हात लावावा कळेना. तो पुढचा घास घेणार, तोच तिनं बोलता बोलता दुसरं सांगून टाकलं.

"माझ्या हातनं बलुतंबी त्यातलं कसं दिऊ? गुरवाला देवाचं म्हून द्यायचं, मुलान्याला प्वारं हायती, सुताराची म्हातारी आदीच आजारी. त्यास्नी काय इख घालायचं? समद्यास्नी साध्या राशीतलंच दिलं."

घास तोंडापाशीच थांबला.

"आधी दिलंसा? वजन करायच्या आधी?"

"मग? रास उचलायच्या आदी बलुतं द्यावंच लागतंय. तुमी कुटं होतासा त्या दिवशी? तुमी दुसऱ्या दिवशी आलासा तागडी घिऊन."

होय. दुसऱ्या दिवशी. कारण आदल्या दिवशी तो दुसऱ्या गावात चरकाच्या लाटेतलं उसाचं कांडं काढत होता. मीरासाबच्या भाषेत, यंत्रांच्या दुरुस्तीचा दांडगा अनुभव घेत होता.

त्यानं ताटली बाजूला ठेवली. "किती दिलंसा?"

"बलुतं कुनी मोजतंय व्हय?" ज्ञानू दचकून म्हणाला. "रास हाय तवर हात सैल सोडायचा."

"आक्का, सूप आणा. ज्या सुपानं दिलंसा तेच."

तानाबाईनं सूप आणलं. कणगीतली ज्वारी भरली, तशीच शीग लावून. कृष्णातनं शेजारच्या वाण्याकडची तागडी मागून आणली. सूप भरून आठ पौंडांच्या आसपास. मग तानाबाई बोटांवर मोजत बसली. सुताराला दोन, नांगर नवा करून दिलता म्हणून. लोहाराला दोन. न्हावी, परीट, कुंभार, मुलाणी, गुरव एकेक. "आन् येक म्हसोबाचं." दहा सुपं. ऐंशी पौंड. आणि तेही ज्ञानूच्या सगळ्या शिवाराचं बलुतं, त्या एका वीस गुंठ्यांच्या राशीतून गेलेलं.

साध्या राशीत ऐंशी घातले की चारशे साठ. मोरचुदाची चारशे चौऱ्याण्णव. तीस टक्क्यांचे सात-साडेसात राहिले.

"काय झालं ओ सायेब?" ज्ञानूनं विचारलं. "अंगठा पुन्यांदा उठवू?"

परतीच्या गाडीत कृष्णात खिडकीला डोकं टेकून बसला. खरं म्हणजे ही गोष्ट त्याला तानाबाईनं सांगायची गरजच नव्हती. त्यानं स्वतःच उभ्या पिकात कणसं मोजली होती. साध्या रानात शंभरात आठ काणीची, मोरचुदाच्या रानात क्वचित एखादं. शंभरातली आठ कणसं वाचली तर उत्पन्न आठ-नऊनं वाढेल, तीसनं कुठून वाढेल? हे दोन आकडे त्याच्या अर्जात एकाखाली एक बसले होते आणि एकमेकांकडे बघून दात काढत होते. त्याला दिसले नव्हते, कारण तीस हा आकडा गोजिरा होता. गोजिऱ्या पोराला कुणी नाव विचारत नाही, नुसतं उचलून घेतं.

आता काय करायचं? कुणाला कळणार होतं? ज्ञानूचा अंगठा होता. तानाबाई काही दरबारात येऊन बोलणार नव्हती. शालूबाईला तर त्यानं शिमग्याला पत्रात लिहूनसुद्धा टाकलं होतं की ह्या खेपेला काम होईल, कारण आपल्याकडे तीस टक्के आहेत. तिनं माहेरी सांगितलं होतं, आणि माहेरच्यांनी अख्ख्या मलकापुरात. आता तिथल्या पेठेत लोक त्याला 'तीस टक्के' म्हणत असतील की काय, कोण जाणे.

मीरासाबनं अर्ज स्वच्छ टाइप करून ठेवला होता. कृष्णातनं सगळी हकीकत सांगितली तेव्हा तो इतका हसला की शेजारचा मुद्रांक विकणारा उठून बघायला आला.

"इकली! इख म्हणून बाजारात इकली! काय बाई हाय ओ!" मग डोळे पुसून त्यानं अर्ज घडी करून पुढे सरकवला. "घ्या. शनिवारच्या आत द्या."

"ती ओळ बदल."

मीरासाबचं हसू गेलं. "डोकं ठिकाणावर हाय न्हवं?"

"साडेसात लिही. आणि खाली एक ओळ घाल. मोरचुदाचं धान्य विषारी समजून घरच्यांनी खाल्लं नाही, बलुतंही साध्या राशीतून वजनाआधी दिलं गेलं, त्याचा अंदाज धरून दाखल्यातला आकडा दुरुस्त केला."

"म्हंजे आपण तिथं नव्हतो हेबी लिवायचं? आवो, वीस वर्षं मी अर्ज टाइप करतोय. ह्या कचेरीत लोकांनी मेलेली म्हस जिवंत करून दावलीया. सोताच्या अर्जात सोताची चूक लिवणारा गडी अजून बघितला न्हाई."

"आता बघ."

"लई धर्मराज लागून गेलासा."

"धर्मराज कुठला," कृष्णात म्हणाला. "दमलोय, मीरासाब. खोटं सांभाळायला अंगात जोर लागतो. उद्या जागा मिळाली आणि त्यांनी म्हटलं, घ्या हे शंभर एकर, आणा तीस टक्के, तर कुठनं आणू?"

मीरासाबनं रागारागानं नवा कागद चढवला. 'दांडगा अनुभव' मात्र त्यानं तसाच ठेवला. म्हणाला, तेवढं माझ्या समाधानाला राहू दे.

मुलाखत पारगावकरसाहेबांनी घेतली. शेतीवरचे मुख्य. बारीक माणूस, बारीक आवाज, हातात निळी पेन्सिल. समोर अर्जांची चळत. कृष्णात आत आला तेव्हा ते त्याचाच अर्ज वाचत होते आणि वाचता वाचता मान हलवत होते, ती कौतुकाची की किवेची हे त्यालाच काय, त्यांनाही ठाऊक नसावं.

"शंभरात आठ कणसं काणीची. उत्पन्नात साडेसात टक्क्यांचा फरक," ते म्हणाले. "जुळतंय."

"होय साहेब."

"ह्या चळतीत मोरचुदाचे आणखी तीन अर्ज आहेत. एकाचे पंचवीस टक्के, एकाचे पस्तीस. एका महाशयांचे बेचाळीस आहेत. त्यांनी कणसं मोजलेलीच नाहीत." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "रास झाली तेव्हा तुम्ही हजर होता?"

"नाही साहेब. आदल्या दिवशी चरकावर होतो."

"मग हे काय? 'शिवारावर देखरेख.'" निळ्या पेन्सिलीनं त्यांनी ती ओळ खोडली. "आणि ज्या घरात पिकवलं त्या घरानं ते धान्य खाल्लं नाही. मग हे काय? 'शेतकऱ्यांना सल्ला.'" तीही खोडली. अर्ज हळूहळू भादरलेल्या मेंढरासारखा होत चालला होता. "अवजारं राहू देत. तो दांडगा अनुभव तुमचा?"

"तो टाइप करणाऱ्याचा, साहेब."

पारगावकरसाहेब खोकल्यासारखं काहीतरी करून हसले. मग म्हणाले, "कायमची जागा तुम्हाला देता येत नाही. तिथं जनावरांची माहिती असलेला माणूस हवा, आणि तसा एक आला आहे."

"बरं साहेब." उठताना कृष्णातचा गुडघा वाजला. एकोणतिसाव्या वर्षी.

"बसा. संपलं नाही." साहेबांनी चळतीवर हात ठेवला. "हे पंचवीस आणि पस्तीस आणि बेचाळीस मला खरे करून हवेत. येत्या सुगीला सोळा गावांत मोरचुदाचे प्रयोग आहेत. प्रत्येक खळ्यावर मळणीपासून माणूस बसला पाहिजे. बलुतं, देवाचं, भिकाऱ्याचं, चिमण्यांचंसुद्धा, सगळं तोलून मग रास. ह्या कामाला बलुतं म्हणजे काय हे कळलेला तुमच्याशिवाय माझ्याकडे कुणी नाही. हंगामी आहे."

"हंगामी," कृष्णात म्हणाला.

"पुढचं पुढं बघू."

बाहेर मीरासाब खोक्यावर वाट बघत होता. ऐकून म्हणाला, "म्हंजे चूक लिवली म्हणून चुकीचंच काम गळ्यात पडलं. सासुरवाडीला काय कळवायचं?"

"साहेब हायती म्हणून कळव," कृष्णात म्हणाला. "सुगीपर्यंत."

पेरणीआधीच्या बैठका त्या वर्षी त्यानं पुन्हा घेतल्या. ह्या खेपेला भुकटी कशी पसरते ते दहा मिनिटांत उरकलं आणि उरलेला वेळ एकच गोष्ट सांगितली: बियाणं खायचं नाही, पीक खायचं. लोक मान डोलवत आणि त्यांच्या बायका दाराआडून बघत.

मार्गशीर्षात तो ज्ञानूच्या खळ्यावर बसला. मळणीच्या पहिल्या पातीपासून, बैल जुंपले तेव्हापासून. धूस नाकातोंडात गेलेली, पाठ दुखत होती, आणि ह्याच्यानंतर अशीच आणखी गावं बाकी होती. संध्याकाळच्या आत दोन राशी उभ्या राहिल्या. बलुतेदार पदर आणि पोती घेऊन खळ्याच्या कडेला जमले. तानाबाई सूप घेऊन उठली आणि नेहमीच्या पायवाटेनं साध्या राशीकडे निघाली.

"आक्का, दोन्हीतलं द्या. निम्मं निम्मं."

"इखाचं गुरवाला?"

"दुपारी काय खाल्लं मी?"

दुपारी त्यानं हट्टानं निळ्या बियाण्याच्या पहिल्या पाटीतली ज्वारी, आधी तोलून, दळून भाकरी करायला लावली होती आणि तिच्यासमोर बसून खाल्ली होती. भूक नसताना दोन. ती तेव्हापासून कामं करता करता त्याच्याकडे बघत होती, चुलीवर दूध ठेवून बघावं तशी. आता तिनं पुन्हा एकदा त्याला नीट न्याहाळलं.

"तोंड तर पडल्यालंच दिसतंय," ती म्हणाली.

"ते जन्माचंच हाय की त्यांचं," कडेवरून गुरव म्हणाला. "भाकरीवर नगा घालू. घाला मला. सायेब मेलं तर मीच घंटा वाजवायला हाय."

खळं हसलं. तानाबाईनं पदर खोचला, निळ्या बियाण्याच्या राशीत सूप घातलं आणि शीग लावून उचललं. गुरवानं उपरणं पसरलं. पण सूप त्याच्यापर्यंत पोचायच्या आत कृष्णात तागडी घेऊन मध्ये उभा राहिला.

"देवाचंबी तोलतासा व्हय?" गुरव म्हणाला.

"तोलतो," कृष्णात म्हणाला. "धर पलीकडनं."